जुन्या साहेबांना शिफारसपत्र मागताना मेलमध्ये काय लिहायचं?

*मी मखमलाबादला राहते. बीएस्सी अ‍ॅग्री झाल्यावर दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये 2021-22 आणि 2022-23 असे दोन हंगाम क्वालिटी सुपरवायझर होते. सध्या एका रोपवाटिकेत आहे. आता युरोपातल्या एका विद्यापीठात एमएस्सीला अर्ज करतेय, त्यासाठी एक शिफारसपत्र नोकरीतल्या वरिष्ठांचं लागतं. तेव्हाच्या मॅनेजर सरांना मेल केला: ‘सर, मी तुमच्याकडे कामाला होते. मला शिफारसपत्र हवं आहे. कृपया लवकर द्यावं.’ सरांचं उत्तर आलं, ‘नक्की देतो. काय लिहायचं ते तूच लिहून पाठव, मी सही करतो.’ सर माझ्या कामावर खूश असायचे. एकदा मी कंटेनर अडवला तेव्हा मात्र चिडले होते. आता स्वतःचंच कौतुक लिहून पाठवू का? की मेलमध्येच काही राहिलं? मुदत 28 फेब्रुवारी आहे.*

*– एक वाचक, नाशिक*

पत्र लिहून पाठवू नका. मेल मात्र नव्याने लिहा, कारण राहिलंय ते मेलमध्येच.

‘तूच लिहून पाठव’ हे उत्तर आळसातून येतं असं आपल्याला वाटतं. कधी तसं असतंही. पण खुर्चीच्या पलीकडे बसून मी हेच उत्तर कित्येकांना दिलंय, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं उत्पादन विभाग सांभाळला. तिथे एकदा जुन्या मुलाचा असाच तीन ओळींचा मेल आला. नाव वाचलं, चेहरा आठवला, मुलगा चांगला होता हेही आठवलं. लिहायला बसलो आणि पुढे काही सुचेना. शेवटी प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ असं लिहून दिलं. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मला आठवलेला चेहरा त्याच्याच आडनावाच्या दुसऱ्या मुलाचा होता. गंमत म्हणजे पत्रात एकही ओळ चुकीची ठरली नाही, कारण ती कारखान्यातल्या कुणालाही लागू होती. त्या मुलाचं काम काही झालं नाही. पत्रामुळेच झालं नाही असं म्हणता येणार नाही, पण त्या पत्राने त्याला काडीचाही हात दिला नसणार.

तुमच्या सरांचंही तसंच असणार. पॅकहाऊसमध्ये दर हंगामाला नवी माणसं येतात, एप्रिलअखेर पांगतात. तुमच्यानंतर त्यांच्या हाताखालून किती सुपरवायझर गेले असतील! ‘मुलगी हुशार होती’ एवढं त्यांच्या मनात नक्की आहे. पण कोणत्या हंगामात, कोणत्या शिफ्टला, काय केलं म्हणून हुशार, हे त्यांना आता सांगता येणार नाही. तुमच्या मेलने त्यांना नेमकं तेच परत द्यायचंय.

आधी एक घोळ मिटवू. तुम्हाला हवंय ते अनुभवाचं प्रमाणपत्र नाही. ते ऑफिसातून मिळतं आणि त्यात पद, तारखा, फार तर ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढंच असतं. तुमच्या पहिल्या मेलवरून सरांना कदाचित तेच हवंय असं वाटलं असेल. म्हणून नव्या मेलमध्ये पहिल्या दोन वाक्यांतच स्पष्ट करा: हे विद्यापीठासाठी आहे, तुमच्या विषयातल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आहे, आणि तिथल्या प्राध्यापकांना ‘ही मुलगी प्रत्यक्ष कामात कशी होती’ हे तिचं काम पाहिलेल्या माणसाकडून ऐकायचंय.

आता विद्यापीठाच्या पोर्टलवर जा आणि शिफारस देणाऱ्याला काय काय विचारतात ते वाचा. काही ठिकाणी नुसतं पत्र चढवायचं असतं, काही ठिकाणी फॉर्म असतो. प्रश्न साधारण असे असतात: अर्जदाराला कधीपासून आणि कोणत्या नात्याने ओळखता, बरोबरीच्या इतर माणसांच्या तुलनेत ती कुठे बसते, एखादं उदाहरण द्या, तिने कशात सुधारायला हवं. हे प्रश्न मेलच्या शेवटी इंग्रजीत जसेच्या तसे चिकटवा. भाषांतर करू नका, कारण सर इंग्रजीतच लिहिणार आहेत. तुमचा मेल मात्र खुशाल मराठीत लिहा. दोन हंगाम ज्या भाषेत त्यांच्याशी बोललात, त्या भाषेत त्यांना लवकर आठवेल.

या प्रश्नांतला तुलनेचा प्रश्न सर्वांत अवघड. ‘बरोबरीचे’ म्हणजे कोण, हे कळल्याशिवाय सरांना उत्तर देता येत नाही. मग ते ‘खूप चांगली’ असं लिहून मोकळे होतात. तुम्ही फोनवर म्हणालात, दोन्ही शिफ्ट मिळून सहा क्वालिटी सुपरवायझर होते आणि दुसऱ्या हंगामाला परत बोलावलेल्या दोघांत तुम्ही एक होतात. हे मेलमध्ये लिहा. ‘सहांपैकी मी दोघांना परत बोलावलं, त्यातली ही एक’ असं वाक्य साहेबांच्या लेखणीतून आलं की वाचणाऱ्याला मोजमाप मिळतं. तुम्ही पहिल्या क्रमांकाच्या होतात की नाही हे तुम्ही लिहायचं नाही. ते ठरवणं त्यांचं काम.

आता कंटेनरची गोष्ट. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात उरकली होती, म्हणून मी फोन करून सगळं विचारलं. तुमच्या अर्जाला तारणारी गोष्ट तीच आहे, आणि सर चिडले होते म्हणून तुम्ही ती लपवायला निघालात!

प्रसंग फेब्रुवारी 2022 चा. संध्याकाळी रीफर कंटेनर दाराशी लागलेला. माल भरण्याआधी थंड करतात त्या प्रीकूलिंगच्या खोलीबाहेरचा डिस्प्ले अर्धा अंश दाखवत होता, बाहेरच्या बाजूच्या पेट्यांतली द्राक्षं एक अंशावर होती, म्हणजे माल भरायला तयार. तुम्ही चार पॅलेटांच्या मधल्या पेट्या काढायला लावल्या आणि मण्यात प्रोब घातला, तर साडेसहा अंश! खोली थंड झाली होती, माल झाला नव्हता. कारणही तुम्हीच शोधलंत. पॅलेटांच्या दोन रांगांवर टाकलेली ताडपत्री एका टोकाला सरकली होती. पंखा रांगांच्या मधली हवा ओढतो, तेव्हा खोलीतली गार हवा पेट्यांच्या भोकांतून आत यायला हवी. पण वर फट मिळाली की ती पेट्या सोडून सोप्या वाटेने फटीतूनच शिरते. बाहेरची पेटी गार आणि मधली कोमट, असं त्यामुळे होतं. रीफर कंटेनर आलेली थंडी टिकवतो, गरम माल थंड करायचं काम त्याचं नाही. त्यामुळे तशीच भरली असती तर त्या पेट्या समुद्रात बराच काळ कोमट राहिल्या असत्या. तुम्ही ताडपत्री बसवून घेतलीत, पंखे पुन्हा चालू केले आणि मधल्या पेट्या दोन अंशांच्या खाली येईपर्यंत पाच तास भरणं थांबवलंत. गाडी न्हावाशेवाला वेळेत पोचते की नाही या धास्तीने सर ओरडले. पण दुसऱ्या दिवसापासून दर पॅलेटच्या मधल्या पेटीचं तापमान रजिस्टरला लिहायचा नियम त्यांनीच केला.

आता हे सरांना लिहायचं कसं? इथेच माणसं घसरतात. ‘माझ्यामुळे लाखोंचं नुकसान टळलं’ असं लिहिलंत तर सर ते पत्रात घेणार नाहीत आणि घेऊही नयेत. माल खरोखर खराब झालाच असता का, हे तुम्हाला माहीत नाही, त्यांनाही नाही. दोघांनाही माहीत आहे ते एवढंच: आकडा साडेसहा होता, पाच तास लागले, नियम बदलला. तिन्ही गोष्टी त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या आणि त्या दिवसाच्या प्रीकूलिंग रजिस्टरला बघता येतील. शिफारस करणारा माणूस साक्षीदार असतो. त्याने पाहिलेलं त्याला आठवून द्यायचं. न पाहिलेलं त्याच्या तोंडी घालायचं नाही.

म्हणून मेलमध्ये दोन भाग स्वच्छ वेगळे ठेवा. एक, सरांनी पाहिलेलं. दोन, त्यांच्याकडून बाहेर पडल्यावर तुम्ही केलेलं, म्हणजे रोपवाटिकेतलं काम. दुसरा भाग दोन ओळींचा पुरे. तो त्यांना संदर्भ म्हणून हवा, पत्रात ते फार तर ‘त्यानंतर ती याच क्षेत्रात आहे असं समजतं’ एवढं लिहितील. नोकरी का सोडली तेही एका ओळीत सांगा. हंगाम संपला आणि कायम नोकरी मिळाली, एवढं साधं कारण आहे ना, मग सांगून टाका. नाहीतर सर मनात काहीतरी वेगळंच धरतील.

सुधारणेचा प्रश्न आला की बहुतेक मॅनेजर ‘ती स्वतःला फार झोकून देते’ छापाचं काहीतरी लिहितात आणि वाचणारा हसतो. त्यांना खरा मुद्दा तुम्हीच आठवून द्या. कंटेनर अडवलात, पण सरांना फोन केलात अर्ध्या तासाने, लोडिंग ठेकेदाराशी भांडण झाल्यावर. तुम्हीच मला हे कबूल केलंत. पुढच्या हंगामात आधी फोन, मग थांबवणं, अशी सवय लावून घेतलीत. हा दोष खरा आहे, सुधारलेला आहे, आणि सरांनी तो दोन्ही हंगामांत पाहिलाय. यापेक्षा चांगलं उत्तर कुठून आणणार?

किती प्रसंग द्यायचे? दोन. तिसरा सुचला तरी ठेवा बाजूला. दहा दिले की मॅनेजर दहांचीही नावं घेतो आणि एकही सांगत नाही. तुमचा दुसरा प्रसंग मी ग्रेडिंग टेबलाचा घेईन. नव्या बायांना घड हाताळायला शिकवताना देठाला धरायचं, मण्यांना बोट लावायचं नाही, नाहीतर मण्यावरची पांढरी लव पुसली जाते, हे तुम्ही पहिल्या दिवशी टेबलापाशी उभं राहून दाखवायचात. सर फेरीला आले की बघत असत. कंटेनरच्या गोष्टीत तुम्ही कडक दिसता. इथे माणसांना शिकवणाऱ्या दिसता.

ग्राहकांची नावं, कुणाचा माल कुठे परत आला, कोणत्या शेतकऱ्याच्या प्लॉटला काय निघालं, हे मात्र मेलमध्ये नको. सर ते अनवधानाने पत्रात उतरवतील आणि उद्या त्यांनाच त्रास होईल. ‘युरोपचा एक ग्राहक’ पुरे.

मग उरतात व्यवहाराच्या गोष्टी, आणि नाशिकच्या बाबतीत त्यातली पहिली म्हणजे हंगाम. तुमचं पत्र माझ्याकडे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सटाण्याकडची अर्ली द्राक्षं निघायला लागलीत. जानेवारी सरला की दिंडोरी, निफाडचा माल एकदम येईल आणि मग एप्रिलपर्यंत पॅकहाऊसच्या मॅनेजरला जेवायची शुद्ध नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. 28 फेब्रुवारी ही मुदत त्याच्या ऐन मध्यात येते. म्हणून सरांकडे 20 जानेवारीपर्यंत मागा आणि खरी मुदतही सांगा. खोटी मुदत सांगू नका, पोर्टलच्या मेलमध्ये खरी तारीख बहुधा असतेच. शेवटच्या रात्रीवर तर विसंबूच नका.

दुसरी गोष्ट पोर्टलची. तुम्ही अर्जात सरांचा पत्ता भरलात की त्यांना विद्यापीठाकडून आपोआप एक मेल जातो, त्यात लिंक असते. तो बरेचदा स्पॅममध्ये पडतो. कोणत्या नावाने येईल ते आधीच सांगून ठेवा. काही विद्यापीठांना कंपनीच्या नावाचा मेल आयडीच चालतो, जीमेल चालत नाही. पॅकहाऊसमध्ये सगळा कारभार जीमेलवर चालत असेल तर विद्यापीठाला आधी विचारा की लेटरहेडवर सही-शिक्का असलेलं पत्र चालेल का. सरांना विचारून अडचणीत टाकू नका. आणि लिंक त्यांच्या वतीने तुम्ही उघडून भरायची नाही. फॉर्मवर ‘हे मी स्वतः लिहिलं’ असं बहुधा कबूल करावं लागतं, ते खरंच असलं पाहिजे.

एवढं सगळं एका पानात बसतं. मी असा लिहीन:

> विषय: एमएस्सीसाठी शिफारसपत्राची विनंती (जमल्यास 20 जानेवारीपर्यंत)
>
> आदरणीय सर,
>
> नमस्कार. मी क्वालिटीत दुसऱ्या शिफ्टला होते, 2021-22 आणि 2022-23 हे दोन हंगाम. फोटो सोबत जोडलाय, म्हणजे चेहरा लगेच आठवेल. मागच्या मेलमध्ये मी काहीच नीट सांगितलं नाही, त्याबद्दल क्षमस्व.
>
> फळांच्या काढणीनंतरच्या हाताळणीवरच्या एमएस्सीला मी अर्ज करतेय. त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र नकोय, माझं काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठांचं मत हवंय. ते तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही म्हणून तुम्हाला विचारतेय. वेळ नसेल किंवा मनापासून लिहिता येईल असं वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय बघेन.
>
> पत्र तुम्हीच लिहावं अशी विनंती आहे, तसा त्यांचा नियमही आहे. तुम्हाला आठवायला सोपं जावं म्हणून दोन गोष्टी देते. जे तुम्हाला वेगळं आठवत असेल ते तुमचंच बरोबर धरा.
>
> पहिली, फेब्रुवारी 2022, मी कंटेनर थांबवला तो दिवस. डिस्प्लेवर अर्धा अंश होता, चार पॅलेटांच्या मधल्या पेट्यांत साडेसहा निघाले. ताडपत्री सरकली होती. पाच तास गेले, तुम्ही रागावलात. दुसऱ्या दिवसापासून मधल्या पेटीची नोंद तुम्ही सुरू केलीत. तुम्हाला कळवायला मी उशीर केला, ती माझी चूक होती. पुढच्या हंगामात आधी तुम्हाला फोन करत असे.
>
> दुसरी, ग्रेडिंग टेबलावर नव्या बायांना घड धरायला शिकवायचे ते. तुम्ही फेरीला यायचात तेव्हा पाहिलंय.
>
> तेव्हा आपण सहा सुपरवायझर होतो, त्यांतल्या दोघांना तुम्ही दुसऱ्या हंगामाला बोलावलंत, त्यात मी होते. 2023 ला हंगाम संपल्यावर रोपवाटिकेत कायम नोकरी मिळाली, अजून तिथेच आहे. कलम केलेल्या रोपांची तपासणी बघते.
>
> तुम्ही होकार दिलात की मी अर्जात तुमचा पत्ता भरेन. मग विद्यापीठाकडून लिंकचा मेल येईल, स्पॅममध्येही बघावं. खरी मुदत 28 फेब्रुवारी आहे, पण तेव्हा तुमची लोडिंगची धांदल असेल म्हणून आधीची तारीख म्हटली. त्यांचे प्रश्न खाली जसेच्या तसे दिलेत. माझा बायोडाटा आणि अभ्यासक्रमाची माहिती जोडलीय.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल नंबर)

‘आपण सहा सुपरवायझर’ हे वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलंय. साहेबाला मेलमध्ये आपलं पॅकहाऊस दिसलं पाहिजे.

नकाराची वाट उघडी ठेवलीय ती सौजन्यापुरती नाही. ज्याला मनापासून लिहायचं नाही तो संकोचाने होकार देतो आणि मग पाच ओळींचं थंड पत्र देतो. वाचणाऱ्या प्राध्यापकाला असं पत्र लगेच ओळखू येतं. सरांनी आढेवेढे घेतले तर ओढून आणू नका. त्याच पॅकहाऊसमधल्या, तुमचं काम रोज पाहिलेल्या दुसऱ्या वरिष्ठाला विचारा, पद थोडं लहान असलं तरी चालेल.

आणि एवढं वाचूनही सर म्हणाले, ‘ते ठीक, पण मसुदा तूच कर’, तर? तर फोन करा, मेल नको. दुपारी जेवणाच्या सुमारास. म्हणा, ‘सर, त्या कंटेनरच्या दिवशी तुम्हाला नेमकं काय वाटलं होतं, तेवढंच दहा मिनिटं सांगा.’ ते बोलतील तसं टिपून घ्या, त्यांच्याच शब्दांत त्यांना पाठवा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही घरी बसून लिहिलेल्या मसुद्यात ‘मुलगी डोक्यात जाते पण थर्मामीटर तिच्याच हातात द्यावा’ हे वाक्य येणार नाही. सरांच्या तोंडून ते येऊ शकतं.

20 जानेवारी उलटली तर एकच आठवण, व्हॉट्सअ‍ॅपवर, लिंकच्या मेलचा विषय आणि तारीख लिहून. पत्र पोचलं की तुमच्या पोर्टलवर तसं दिसेल. ते दिसलं की त्याच दिवशी सरांना कळवा. त्यांना नाहीतर एप्रिलपर्यंत वाटत राहील की ते काम आपल्याकडून राहून गेलं.